मूल बोबडं बोलतंय… थांबायचं की दाखवायचं?



काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. वय सहा पूर्ण. चुणचुणीत, खेळात पुढे, गणितात तर वर्गातल्या पहिल्या चारपाचांत. पण वाचायला उभा केला की वर्ग हसायचा. 'कावळा' हा शब्द तो 'तावला' असा वाचायचा, 'गाय' म्हणजे 'दाय' आणि 'खिडकी' म्हणजे 'थिडती'. मुलं हसतात, त्याला वाईट वाटतं, म्हणून मी काय केलं? त्याला वाचायला उभं करणंच बंद केलं. मला वाटलं, मी त्याला सांभाळून घेतोय.

दिवाळीनंतर श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना माझ्या लक्षात आलं की तो आता लिहितानाही 'कार'च्या जागी 'तार' लिहितोय. म्हणजे जिभेवरची गडबड वहीत उतरली होती. आईला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, याचे मामाही असेच बोलायचे. आपोआप सुटलं. सासूबाई म्हणतात, वेखंड उगाळून चाटवा." मीही मान डोलावली आणि आणखी दोन महिने गेले.

ते दोन महिने आणि त्याआधीचं अर्धं वर्ष मी वाया घालवलं, हे मला नंतर कळलं. 'होईल नीट' हे वाक्य काही वेळा अगदी बरोबर असतं आणि काही वेळा ते मुलाला महागात पडतं. कोणत्या वेळी बरोबर आणि कोणत्या वेळी नाही, हे ओळखता यावं म्हणून हा लेख.

बोलणं कसं येत जातं?

आपण म्हणतो, बाळ वर्षाचं झालं की बोलायला लागतं. खरं तर पहिल्या शब्दाच्या आधी वर्षभर त्याची तयारी चाललेली असते. दोनतीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हुंकार देतं, 'आऽ', 'ऊऽ' करतं. सहासात महिन्यांच्या सुमारास त्यात व्यंजनं येतात आणि 'बाबाबा', 'मामामा', 'दादादा' अशी माळ सुरू होते. आईवडिलांना वाटतं आपल्यालाच हाक मारली! पण अजून त्या आवाजाला अर्थ नसतो. तो जिभेचा आणि ओठांचा सराव असतो. या सरावाला महत्त्व फार, कारण ज्या बाळाला ऐकू येत नाही त्याचे हुंकार सुरुवातीला इतर बाळांसारखेच असतात, पण ही माळ मात्र उशिरा येते किंवा नीट येतच नाही.

नऊ-दहा महिन्यांपासून बाळ खुणा करायला लागतं. टाटा करतं, उचलून घे म्हणून हात वर करतं आणि वर्षाच्या आसपास बोटाने दाखवायला लागतं. हे बोट दाखवणं म्हणजे शब्दाचा मोठा भाऊच समजा. चांदोबाकडे बोट करून बाळ आपल्याकडे वळून बघतं, तेव्हा ते 'मला जे दिसतंय ते तूही बघ' असं सांगत असतं. शब्द येतात ते याच गरजेतून.

वर्षाच्या आगेमागे पहिले एकदोन खरे शब्द येतात. 'खरा शब्द' म्हणजे उच्चार कसाही असो, एकाच गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज. पाण्याला रोज 'मम' म्हणत असेल तर तो शब्दच धरायचा. दीड वर्षापर्यंत असे बरेच शब्द जमतात. दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द बोलतं आणि मुख्य म्हणजे दोन शब्द जोडतं. 'आई ये', 'बाबा गेले', 'दूध नको'. तिसऱ्या वर्षात तीनचार शब्दांची वाक्यं होतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

तीनचार वर्षांच्या मुलांच्या तोंडी एक गंमत ऐकायला मिळते. 'मी करलं', 'बाबा येला'. काही पालक घाबरतात, की काल 'केलं' म्हणत होता आणि आज 'करलं' का म्हणतोय? ही घसरण नाही. 'बसलं', 'हसलं' हे ऐकून मुलाने स्वतःच नियम शोधून काढला आणि तो 'कर'ला लावला. त्याला कोणी 'करलं' शिकवलेलं नाही. नियम समजल्याची ही खूण आहे. अपवाद तो पुढे शिकतोच.

कोणता आवाज कधी?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बोबडेपणाकडे येऊ. सगळी व्यंजनं एकदम येत नाहीत. ओठांचे आवाज डोळ्यांना दिसतात आणि करायलाही सोपे, म्हणून प, ब, म सर्वांत आधी. मग जिभेचं टोक दातांना लावून होणारे त, द, न. जीभ मागे उचलून होणारे क, ग त्यानंतर. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत हे बहुतेक मुलांना जमतात. स, श, च, ज यांत हवा बारीक फटीतून काढावी लागते, ते आणखी पुढे. आणि र, ळ, ण ही मंडळी शेवटची. र साठी जिभेचं टोक थरथरावं लागतं, ळ साठी ते मागे वळवावं लागतं. ही कसरत जमायला कित्येक मुलांना पाच-सहा वर्षं लागतात. 'पुस्तक', 'चंद्र', 'दप्तर' यांतली जोडाक्षरंही अशीच उशिरा सुटतात.

जो आवाज जमत नाही त्याच्या जागी मूल जवळचा सोपा आवाज घालतं. म्हणून 'राजा'चा 'लाजा' होतो, 'शाळा'ची 'साला' होते, 'पुस्तक'चं 'पुत्तक' होतं. बोबडं बोलणं हे बेशिस्त नसतं, त्याला नियम असतो. आणि प्रत्येक नियमाची जायची वेळ साधारण ठरलेली असते. 'र'चा 'ल' पाच वर्षांच्या मुलात चालेल. पण 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' चार वर्षांनंतर राहायला नको.

म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा 'तावला' म्हणत होता त्यात दोन गोष्टी होत्या. 'ळ'चा 'ल' ही वयाला फारशी न शोभणारी, पण थोडी वाट पाहण्यासारखी गोष्ट. 'क'चा 'त' मात्र दोन वर्षं उशिराची. एकाच शब्दातल्या दोन चुका, पण दोन्हींचं वजन वेगळं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याला सरसकट 'बोबडा' म्हणून मोकळा झालो होतो.

एक ढोबळ कसोटी लक्षात ठेवायला सोपी आहे. घरच्यांना नव्हे, तर अनोळखी माणसाला मुलाचं बोलणं किती कळतं ते बघायचं. दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं कळावं, तीन वर्षांच्याचं चारात तीन भाग, आणि चार वर्षांचं मूल काय म्हणतंय ते परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळावं, मग एखाददुसरा आवाज चुकला तरी चालेल. घरच्यांना या कसोटीतून वगळायचं, कारण आईला सवयीने सगळंच कळतं. 'आम्हाला तर कळतं की' हे वाक्य म्हणूनच फारसं उपयोगाचं नाही. रिक्षावाल्या काकांना कळतं का, ते विचारा.

बोली म्हणजे दोष नव्हे

इथे शिक्षकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वऱ्हाडातलं मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणतं. कित्येक घरांत 'पाणी'ला 'पानी'च म्हणतात. हे मूल त्याच्या आईची, आजीची भाषा अगदी अचूक बोलतंय. त्याला स्पीच थेरपिस्टची गरज नाही, पुस्तकातल्या मराठीची ओळख हवी, आणि ती आपण वर्गात करून देतोच. ओळखायचं कसं? मुलाच्या आईशी किंवा आजीशी पाच मिनिटं बोला. घरातली मोठी माणसं तो आवाज तसाच काढत असतील तर ती बोली. मोठ्यांचा आवाज नीट आणि मुलाचाच वेगळा, तर मग लक्ष द्या. घरात 'कावळा'ला कोणीच 'तावला' म्हणत नाही.

दोन भाषांचंही तसंच. घरी भिलोरी, कानडी किंवा हिंदी आणि शाळेत मराठी, म्हणून मूल बोलायला मागे पडतं, असं नसतं. अशा मुलाचे शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. मराठीत २० आणि घरच्या भाषेत ३५ असतील तर ते मूल ५५ शब्दांचं आहे. 'घरची भाषा बंद करा' असा सल्ला देऊ नका. आईला जी भाषा मोकळेपणाने येते त्याच भाषेत ती भरपूर बोलते, आणि मुलाला नेमकं तेच लागतं.

आधी कान, मग जीभ

बोलण्याची कोणतीही शंका आली की पहिली तपासणी कानांची. मूल जे ऐकतं तेच बोलतं. घरी सगळे टाळी वाजवून किंवा ताट आपटून बघतात आणि मूल वळलं की 'ऐकू येतं' म्हणून निश्चिंत होतात. ही परीक्षा फसवी आहे. ताटाचा आवाज मोठा असतो. 'स', 'श', 'फ' यांचा आवाज अगदी हलका आणि बारीक असतो. एखाद्या मुलाला ताट ऐकू येतं, दाराची कडी ऐकू येते, पण 'सात' आणि 'आठ' यांतला 'स' निसटतो. शिवाय ताट आपटताना सावली हलते, वारा लागतो, जमीन हादरते. मूल त्यानेही वळतं.

दुसरी फसगत सर्दीची. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं. कान दुखत नाही, फुटत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. पण पाण्यात डोकं बुडवून ऐकावं तसं त्याला ऐकू येतं, आणि तेही कधी कमी, कधी जास्त. अशी एक मुलगी माझ्या वर्गात होती. एका आठवड्यात हाकेला ओ द्यायची, पुढच्या आठवड्यात नाही. आम्ही म्हणायचो, 'मनात असलं तर ऐकते'. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, 'आं?' असं सारखं विचारणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं ही त्याची लक्षणं. हे पाणी बऱ्याचदा आपोआप ओसरतं, पण काही महिने टिकलं तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना उपाय करावे लागतात. तोवर त्या मुलाला फळ्याजवळ, शिक्षकांच्या समोर बसवायचं. एवढं तर आपल्या हातात आहेच.

केव्हा दाखवायचं?

आता वयाप्रमाणे खुणा सांगतो. यांतली एक जरी दिसली तरी वाट बघू नका.

- नऊ-दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड नाही.
- वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही.
- सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही.
- दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. टीव्हीवरची वाक्यं जशीच्या तशी म्हणणं यात धरायचं नाही.
- तीन वर्षांपर्यंत परक्यांना बरंचसं बोलणं कळत नाही, किंवा 'चेंडू आण आणि बाबांना दे' अशी साधी दुहेरी सूचना कळत नाही.
- चार वर्षांनंतरही 'क-ग'ऐवजी 'त-द' म्हणतो, किंवा शब्दांची सुरुवात वा शेवट गाळतो.
- सहा-सात वर्षांनंतरही 'र', 'ळ', 'स' असे आवाज सुटलेले नाहीत.
- आवाज कायम घोगरा आहे, किंवा सगळं बोलणं नाकातून येतं.

आणि एक खूण अशी की तिला वयाची अट नाही. येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, बोलणं कमी कमी होत गेलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.

अडखळण्याबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. अडीच ते पाच वर्षांच्या काळात बरीच मुलं 'मला मला मला ते हवंय' असं अडखळतात. विचार पुढे पळतात, जीभ मागे राहते. अख्खा शब्द पुन्हा येतो, मुलाला त्याचं काही वाटत नाही, आणि बहुतेकांचं हे जातं. पण शब्दाचा पहिलाच तुकडा 'प-प-प-पाणी' असा अडकत असेल, 'मऽऽऽला' असा लांबत असेल, किंवा तोंड उघडूनही आवाजच फुटत नसेल, त्या वेळी डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं होत असेल, हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल किंवा घरात कोणाला तोतरेपणा असेल, तर दाखवायचं. 'हळू बोल', 'आधी विचार कर आणि मग बोल' असं सांगितल्याने मुलाला आपलं बोलणं चुकतंय एवढंच कळतं. त्यापेक्षा आपण स्वतः सावकाश बोलावं आणि त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं.

घरोघरचे समज

'मुलगे उशिराच बोलतात.' मुलग्यांना थोडा उशीर लागतो हे खरं, पण तो फरक लहान आहे. दोन वर्षांचा मुलगा एकही शब्द बोलत नसेल तर 'मुलगा आहे म्हणून' हे कारण पुरत नाही.

'जिभेखालचा दोरा कापा.' जिभेखालची पट्टी फार आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो आणि क्वचित काही उच्चारांनाही. पण त्यामुळे बोलणं येतच नाही, असं होत नाही. शब्दच न बोलणाऱ्या मुलाचा दोरा कापून शब्द येणार नाहीत. 'क'चा 'त' होण्याशी तर या पट्टीचा संबंधच नाही, कारण 'क' म्हणताना जिभेचं टोक खालीच असतं.

'वेखंड किंवा मध चाटवा.' जीभ जड असल्याने बोलणं अडत नाही, त्यामुळे ती 'हलकी' करण्याचा प्रश्नच नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

'मोबाईलवर गाणी ऐकून शब्द शिकेल.' मोबाईल बोलतो, पण ऐकत नाही. बाळ 'बाबू' म्हणालं तर तो 'हो, बाबू आला' असं उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासाहून जास्त नको.

पुढे काय झालं?

जानेवारीत आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. त्या डॉक्टर मॅडमना मी सहज त्या मुलाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, नुसतं बोबडा म्हणू नका. काय म्हणतो ते लिहून द्या." मग मी आठवडाभर एक कागद खिशात ठेवला. एका बाजूला खरा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याने काढलेला आवाज. वीस शब्द झाले. कागद समोर ठेवला आणि चित्र स्पष्ट झालं. 'क' होता तिथे 'त', 'ख' होता तिथे 'थ', 'ग' होता तिथे 'द'. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटीही. प, म, त, स, च हे सगळे व्यवस्थित. म्हणजे जीभ मागून उचलायचे जेवढे आवाज होते, तेवढेच तो पुढे ओढत होता.

तो कागद घेऊन आईवडील जिल्हा रुग्णालयात गेले. तिथे आधी कानांची तपासणी झाली. कान उत्तम होते. मग स्पीच थेरपिस्ट ताईंनी चित्रं दाखवून त्याला बोलतं केलं, तोंडात टॉर्च टाकून टाळू बघितला, जीभ वरखाली करायला लावली. कुठेही दोष नव्हता. त्याच्या डोक्यातल्या आवाजांच्या यादीत 'क' आणि 'त' हे दोन वेगळे खण पडलेलेच नव्हते, एवढंच.

उपचार कसा झाला ते मी आईकडून आणि नंतर स्वतः बघून शिकलो. पहिली पायरी बोलण्याची नव्हतीच, ऐकण्याची होती. ताई दोन चित्रं ठेवायच्या, 'कार' आणि 'तार'. एक शब्द म्हणायच्या, त्याने चित्राला हात लावायचा. मग 'गार' आणि 'दार', 'खांब' आणि 'थांब', 'नाक' आणि 'नात'. फक्त एका आवाजाने अर्थ बदलतो, हे त्याच्या कानाला पटेपर्यंत हाच खेळ.

दुसरी पायरी, नुसता 'क' काढणं. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवायचं आणि मग म्हणायचं. टोक अडकलं की जिभेला मागून उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. कधी त्याला उताणं झोपवून म्हणायला लावायच्या, म्हणजे जीभ आपोआप मागे जाते. कधी गुळण्या करायला लावायच्या, म्हणजे घशाजवळची जागा कळते. तिसऱ्या आठवड्यात पहिला स्पष्ट 'क' निघाला.

मग 'का, की, कू', मग 'काप', 'केस', मग 'काका आले', आणि शेवटी गप्पा. शेवटची पायरीच सगळ्यांत लांबली. चित्र बघून 'कावळा' अचूक म्हणणारा मुलगा मैदानावर ओरडताना 'ए, तिती वेळ!' असंच म्हणायचा. सवय मोडायला वेळ लागतोच. आठवड्यातून एकदा ताईंकडे आणि घरी रोज दहा मिनिटं, असं साधारण पाच महिने चाललं. दुसरीत गेला तेव्हा 'क-ख-ग' गप्पांतही सुटले होते. 'ळ' त्या दिवाळीपर्यंत स्वतःहून आला. श्रुतलेखनातली 'तार-कार'ची गल्लतही हळूहळू थांबली.

मी वर्गात एवढंच केलं. तो 'दाय दवत थाते' म्हणाला की 'नीट म्हण' असं न म्हणता 'हो, गाय गवत खाते' असं सहज म्हणायचो. त्याला बरोबर आवाज ऐकू जायचा आणि चूक काढलीही जायची नाही. त्याच्या बोलण्याची नक्कल करायची नाही, असा वर्गाचा नियम केला. आणि त्याला पुन्हा वाचायला उभं करायला लागलो, आधी एकट्याला माझ्याजवळ, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर.

कुठे जायचं?

गावात राहणाऱ्यांनी 'मुंबई-पुण्याला जावं लागेल' असं समजू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, आणि ऐकणं-बोलणं हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. पथक आलं की वजन-उंचीच्या गडबडीत अशा मुलांची नावं आपणहून पुढे करा. तिथून पुढे जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिचं कामच ऐकणं आणि बोलणं यांच्या अडचणींवरचं आहे. खासगी स्पीच थेरपिस्टकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते जरूर विचारा.

जाताना तीन गोष्टी सोबत न्या. शब्दांची यादी, घरी खेळताना केलेलं दोनतीन मिनिटांचं रेकॉर्डिंग (दवाखान्यात गेलं की मुलं गप्प बसतात), आणि पहिला हुंकार, पहिला शब्द, पहिलं वाक्य कधी आलं याची आठवेल तेवढी टिपणं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर एक दिवस गेला एवढंच. नाही निघालं तर कित्येक महिने वाचले.

त्या मुलाने दुसरीच्या वार्षिक कार्यक्रमात सूत्रसंचालनाची चार वाक्यं म्हटली. कार्यक्रम संपल्यावर त्याची आजी मला म्हणाली, "बघा, मी सांगितलं होतं ना, वेखंडाने सुटेल." मी हसलो आणि काही बोललो नाही.

तुमच्या वर्गात असं कोणी असेल, तर उद्या खिशात एक कोरा कागद ठेवा. एका बाजूला खरा शब्द, दुसऱ्या बाजूला त्याने म्हटलेला. वीस शब्द पुरेत.